आडवे वाचायचे नियोजन

(स्मृतिव्याख्यानमालेत प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



तीन आठवड्यांचे घटक नियोजन कसे करावे, यावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचवले. या विषयावर सर्वसाधारण बोलत राहिले तर तुम्हाला पाठ असलेलेच पुन्हा ऐकावे लागेल. म्हणून मी एकच घटक घेणार आहे, पाचवीतला अपूर्णांक, आणि तो पहिल्या सोमवारपासून तिसऱ्या शुक्रवारपर्यंत तुमच्यासमोर मांडणार आहे. गणित न शिकवणाऱ्यांनीही तो ऐकावा. नियोजन कुठे जुळते आणि कुठे निसटते, हे अपूर्णांकात फार लवकर उघडे पडते.

नियोजनाचा तक्ता आपण सगळ्यांनी भरला आहे. घटक, उपघटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे त्याचे रकाने. हा तक्ता आपण उभा भरतो. निष्पत्तीच्या रकान्यात पुस्तिकेतली वाक्ये वरपासून खालपर्यंत उतरवतो. मग कृतींचा रकाना पाठ्यपुस्तकावरून, साहित्याच्या रकान्यात ‘तक्ता, चित्रे, परिसरातील वस्तू’, आणि शेवटी मूल्यमापनात ‘तोंडी काम, स्वाध्याय’. प्रत्येक रकाना आपापल्या जागी बरोबर असतो. पण कुठलीही एक ओळ आडवी वाचून पाहा. अमुक निष्पत्ती साधायला हीच कृती का, या कृतीला हेच साहित्य का, आणि या स्वाध्यायातून ती निष्पत्ती साधली की नाही हे कसे कळणार, या तिन्ही प्रश्नांना ओळीत उत्तर सापडत नाही. आजचे माझे सगळे म्हणणे या आडव्या वाचनाबद्दल आहे.

हा विचार जुना आहे. शिकागो विद्यापीठातल्या राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात चार प्रश्न मांडले: काय साधायचे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे, आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे. त्याच विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ चे. आपल्या अध्यापक विद्यालयांत ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही जी शिडी शिकवली गेली, तिचे मूळ त्यात आहे. पुढे १९९८ मध्ये विगिन्स आणि मॅकटाय यांनी एक साधी सूचना केली: उद्दिष्टानंतर लगेच मूल्यमापन लिहा, कृती त्यानंतर. मला या सगळ्यातली हीच सूचना सर्वांत उपयोगी वाटते. शेवटी मूल काय करून दाखवील हे आधी डोळ्यांसमोर आले, की कृती निवडणे सोपे होते आणि बऱ्याच आवडत्या कृती गळतात.

आता अपूर्णांकाकडे वळते.

एन.सी.ई.आर.टी.ने २०१७ मध्ये प्राथमिक स्तराच्या अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. पाचवीच्या गणितात सममूल्य अपूर्णांक ओळखणे व तयार करणे आणि समूहाच्या भागाची संख्या काढणे या दोन गोष्टी त्यात आहेत. आपल्याकडच्या पाचवीच्या गणितात तुलना आणि बेरीज-वजाबाकीही येते. हे सगळे तीन आठवड्यांत बसेल का? आठवड्याला सोमवार ते शुक्रवार पाच, म्हणजे पंधरा तासिका. तीन शनिवार मी मोकळे ठेवते, कारण सुटी, सभा, लसीकरण, सहल यांपैकी काही ना काही येतेच. सर्व अठरा दिवस भरून टाकलेले नियोजन दुसऱ्या आठवड्यातच मागे पडते, आणि मग जो भाग कापला जातो तो नेहमी मूल्यमापनाचा असतो.

पंधरा तासिकांत मी तीनच गोष्टी घेईन: दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता हे कारणासह सांगणे, सममूल्य अपूर्णांक तयार करणे, आणि बेरीज. समूहाचा भाग मी या घटकातून काढून भागाकारानंतरच्या घटकात ठेवीन. त्याचे कारण आहे. पट्टीचा तीन चतुर्थांश दाखवताना ‘एक’ म्हणजे ती अख्खी पट्टी असते. बारा चिंचोक्यांचा तीन चतुर्थांश काढताना ‘एक’ म्हणजे बारा चिंचोक्यांचा सगळा ढीग. ज्या मुलाच्या मनात पहिला ‘एक’ अजून पक्का बसलेला नाही, ते बारा चिंचोक्यांचा पाव भाग विचारला की चार उचलते, कारण छेदात चार दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या तर दोन्ही डळमळतात. काय गाळले आणि ते कुठे नेले, हे नियोजनात लिहिलेले असले पाहिजे. तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनाही त्यातून आपला विचार कळतो.

विगिन्स-मॅकटाय यांच्या सूचनेप्रमाणे आता कृतींकडे न जाता तुलनेचा प्रश्न आधी ठरवू. ‘३/४ मोठा की १/२?’ हा प्रश्न आपण सर्रास विचारतो. या प्रश्नातून काहीच कळत नाही. अपूर्णांक म्हणजे वर एक संख्या आणि खाली एक संख्या, एवढेच समजणारे मूलही ‘तीन एकापेक्षा मोठा, चार दोनपेक्षा मोठा, म्हणून ३/४ मोठा’ असे म्हणते आणि पूर्ण गुण मिळवते. उत्तर बरोबर, विचार चूक, आणि आपण पुढच्या पानावर.

म्हणून प्रश्न असा निवडायचा की चुकीच्या विचाराचे उत्तरही चुकलेच पाहिजे. त्यासाठी मुले कशी कशी चुकतात हे आधी माहीत हवे. तुलनेत तीन चुका वारंवार दिसतात. पहिली आत्ता सांगितली: आकडे मोठे, म्हणून अपूर्णांक मोठा. दुसरी तिच्या उलट: छेद मोठा असला की अपूर्णांक लहान, अंशाकडे पाहायचेच नाही. तिसरी जरा लपलेली असते. मूल पूर्ण व्हायला किती तुकडे कमी आहेत तेवढे मोजते. २/३ ला एक तुकडा कमी, ७/८ लाही एक तुकडा कमी, म्हणून दोन्ही सारखे.

आता हे दोन प्रश्न पाहा. पहिला, २/३ आणि ३/८ यांत मोठा कोणता? दुसरा, ७/८ आणि २/३ यांत मोठा कोणता? दोन्हींत ‘किंवा सारखे’ असा पर्याय द्यायचा, आणि खाली ‘का ते लिहा किंवा काढून दाखवा’ अशी एक ओळ.

आकडे मोठे म्हणून अपूर्णांक मोठा, असे मानणारे मूल पहिल्यात ३/८ म्हणेल आणि चुकेल, दुसऱ्यात ७/८ म्हणेल आणि बरोबर येईल. फक्त छेद पाहणारे मूल दोन्ही वेळा २/३ म्हणेल. पहिले बरोबर, दुसरे चूक. कमी पडणारे तुकडे मोजणारे मूल पहिल्यात बरोबर येईल, कारण २/३ ला एकच तुकडा कमी आहे आणि ३/८ ला पाच. दुसऱ्यात मात्र ते ‘सारखे’ म्हणेल. ज्याला समजले आहे ते दोन्हींत बरोबर येईल. दोन प्रश्नांत वर्गाचे चार गट पडतात, आणि कोणता गट कुठे अडला आहे हे उत्तरातच लिहिलेले असते. असे प्रश्न घरी बसून, शांतपणे, घटक सुरू होण्यापूर्वी शोधावे लागतात. वर्गात उभ्या उभ्या सुचत नाहीत.

प्रश्न ठरले की साहित्यही जवळजवळ ठरते. अपूर्णांक म्हटला की आपला हात गोलाकडे जातो: भाकरी, पिझ्झ्याचे चित्र, कापलेला गोल पुठ्ठा. गोलाचे दोन, चार, आठ भाग घडी घालून होतात. तीन किंवा सहा समान भाग मुलाच्या हाताने नीट होत नाहीत. गोलाचे तुकडे एकापुढे एक ठेवून लांबीही मोजता येत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या बेरजेला नेमके तेच हवे असते. म्हणून मी कागदी पट्टी निवडते, २४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद. चोवीसच का, तर तिचा अर्धा १२ सेंमी, तिसरा भाग ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३ आणि बारावा २ सेंमी येतो. सगळे पूर्ण सेंटिमीटर. आपल्या दोन प्रश्नांतले अपूर्णांकही या पट्टीवर बसतात: २/३ म्हणजे १६ सेंमी, ३/८ म्हणजे ९, आणि ७/८ म्हणजे २१.

खर्च किती? साधा ए-फोर कागद साधारण ३० सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. एका कागदातून दहा पट्ट्या निघतात. एका संचात सात पट्ट्या: एक अखंड, आणि दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा भागांची प्रत्येकी एक. अठ्ठावीस मुलांच्या वर्गात दोघांत एक संच धरला तर चौदा संच, अठ्ठ्याण्णव पट्ट्या, दहा कागद. थोडा जाड कागद मिळाला तर तीन आठवडे टिकतो. प्रत्येक तुकड्यामागे जोडीचा क्रमांक घालायचा आणि संच जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवायचा, म्हणजे खाली सापडलेला तुकडा घरी परततो.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. पट्टीची तीन भागांत घडी मुलांना जमत नाही, तुकडे लहानमोठे होतात आणि मग तीन षष्ठांश अर्ध्याशी जुळत नाहीत. मूल प्रामाणिकपणे म्हणते, ‘बाई, सारखे नाहीत.’ त्याचे निरीक्षण बरोबर असते, पट्टी चुकलेली असते. म्हणून दोन, चार, आठ भाग घडीने करायचे आणि तीन, सहा, बारा भाग मोजपट्टीने खुणा करून. कापण्यापूर्वी शेजारच्या जोडीने खुणा तपासायच्या. यात अर्धी तासिका जास्त जाते. ती नियोजनात धरलेली असावी.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या वस्तूंतून शिकवण्याचे साहित्य उभे केले. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. तरी या घटकात मी चिंचोके आणि खडे बाहेर ठेवते, कारण ते सुटे मोजायचे असतात आणि इथे एका अखंड वस्तूचे भाग करायचे आहेत. ‘परिसरातील वस्तू’ एवढे लिहून साहित्याचा रकाना भरत नाही. वस्तूच्या अंगी असलेला कोणता गुण या उद्दिष्टाला हवा आहे, ते कळले की वस्तू निवडता येते.

आता कृती. पहिल्या सोमवारी एकच उदाहरण घ्यायचे: तीन भाकऱ्या चौघांत सारख्या वाटा. भाकरीसाठी आयताकार कागद द्यायचा. काही मुले प्रत्येक भाकरीचे चार भाग करतात आणि प्रत्येकाला तीन पाव देतात. काही मुले आधी दोन भाकऱ्या अर्ध्या करून चौघांना अर्धी अर्धी देतात, मग तिसरीचे चार भाग करून पाव पाव देतात. एकाच्या पानात तीन पाव, दुसऱ्याच्या पानात अर्धी आणि पाव. वाटणी सारखी झाली का? या प्रश्नावर वर्ग वाद घालतो, आणि त्या वादात तुलना, सममूल्यता आणि बेरीज तिन्ही असतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अपूर्णांकाच्या अध्यापनावर झालेल्या कामात वाटणी आणि मापन या दोन्ही वाटा जोडून घेतल्या आहेत. माझा अनुभव त्याच बाजूचा आहे: सुरुवात वाटणीने करावी आणि दुसऱ्याच दिवशी पट्टीच्या मापनाकडे जावे. पहिल्या दिवसाचे कागद फेकू नका. ते तिसऱ्या आठवड्यात लागतील.

मंगळवारी संच करायचा. बुधवारी आणि गुरुवारी एक अंश असलेले अपूर्णांक, १/२, १/३, १/४, १/६, १/८, लांबीप्रमाणे लावायचे, आणि मग दोन तुकडे, तीन तुकडे जोडून नावे द्यायची. शुक्रवारी पट्ट्या पाकिटात, आणि ते दोन प्रश्न कागदावर. दहा मिनिटे पुरतात.

या आठवड्यातून मी दोन लोकप्रिय कृती वगळल्या आहेत. पहिली, छापील आकृतीत भाग रंगवणे. आकृतीचे चार भाग आधीच पाडलेले असतात. मूल तीन मोजते आणि रंगवते. समान भाग हा विचार त्याला एकदाही करावा लागत नाही. खात्री करायची असेल तर चार असमान भाग पाडलेला आयत द्या, एक भाग रंगवा आणि हा १/४ आहे का ते विचारा. आकृत्या झरझर रंगवणारी बरीच मुले ‘हो’ म्हणतील. दुसरी वगळलेली कृती बाजाराची. पाव किलो साखर, अर्धा किलो डाळ, यात मुले रमतात. पण मुलांसाठी पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, एक पूर्ण संख्या. भावाचा हिशेब ती भागाकाराने करतात, अपूर्णांकाला हात लागत नाही. बाजार चांगला आहे, पण त्याची जागा वजनमापांच्या घटकात आहे. उद्दिष्टाचा विचार न करता मूल जी कृती पूर्ण करू शकते, ती त्या ओळीतली नव्हे.

शुक्रवारच्या कागदांचे शनिवारी चार ढीग करायचे. समजा, अठ्ठावीसपैकी नऊ पहिल्या चुकीचे, आठ दुसऱ्या, चार तिसऱ्या, आणि सात बरोबर. दुसऱ्या ढिगाकडे नीट पाहा. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हा नियम या मुलांनी घरून आणलेला नाही. बुधवारी एक अंशाचे अपूर्णांक लावताना आपणच तो त्यांच्या हातात दिला. तिथे तो खरा होता, त्यांनी तो सगळीकडे लावला. पुढच्या वर्षीच्या नियोजनात बुधवारच्या ओळीपुढे याची नोंद करायची: त्याच तासाला २/३ आणि ७/८ शेजारी ठेवून दाखवणे.

सोमवारची सहावी तासिका या ढिगांची आहे. शुक्रवारपूर्वी ती लिहिता येत नाही, म्हणून नियोजनात तिचा रकाना मुद्दाम कोरा ठेवायचा आणि शनिवारी भरायचा. पहिल्या गटाला पुन्हा वाटणी: एक भाकरी तिघांत आणि तशीच एक आठ जणांत, कुणाच्या वाट्याला जास्त? दुसऱ्या गटाने अष्टमांशाचे तुकडे एकापुढे एक ठेवत जायचे, तीन सेंमी, सहा, नऊ, थेट एकवीसपर्यंत, आणि खाली दोन तृतीयांश ठेवून पाहायचे. तिसऱ्या गटाने उरलेल्या जागेवर बोट ठेवायचे: २/३ नंतर आठ सेंमी रिकामे, ७/८ नंतर तीनच. कमी पडलेला तुकडा एकेकच आहे, पण तुकडे वेगळे आहेत. चौथ्या गटाला पट्टीशिवाय प्रश्न: ५/६ मोठा की ७/८, कारण लिहा. त्यांच्यातल्या दोघातिघांना तोंडीही विचारून घ्यावे, कारण दोन प्रश्नांत नशिबाने बरोबर येणारे एखादे मूल असतेच. द्विशिक्षकी शाळेत जिथे एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात, तिथे चार गट सांभाळणे अवघड आहे. तिथे पहिले दोन गट घ्यावेत आणि बाकीच्यांना चौथ्या गटाचे काम द्यावे.

मंगळवारपासून सममूल्यता. अर्ध्याच्या खाली दोन चतुर्थांश, तीन षष्ठांश, चार अष्टमांश, सहा द्वादशांश लागतात. हे मुले स्वतः शोधतात आणि त्यावर फार वेळ घालवावा लागत नाही. वेळ द्यायचा तो एकाच्या पलीकडे जाण्याला. भाग रंगवत आलेल्या मुलाला ५/४ म्हणजे चूक वाटते: चारातले पाच कसे घेणार? बुधवारी फरशीवर खडूने शून्य ते दोन अशी रेघ मारायची आणि सव्वा, दीड, पावणेदोन कुठे येतील ते मुलांनी दाखवायचे. ही नावे आपल्या मुलांच्या घरात रोज बोलली जातात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अशी पाठांतरेच असत. जागा दाखवून झाल्या की त्याच जागी ५/४, ६/४, ७/४ लिहायचे. ओळखीच्या जागेवर नवी खूण बसते.

दुसऱ्या शुक्रवारचा प्रश्न: ३/५ शी सममूल्य असा, छेद २० असलेला अपूर्णांक लिहा आणि आकृतीने पटवून द्या. संचात पंचमांश नाही, तो मुद्दामच ठेवलेला नाही. ज्या साहित्यावर शिकवले त्याच साहित्यावर तपासले, तर मुलाला पट्टी वापरता येते एवढेच कळते. पंचमांशाची पट्टी त्याला स्वतः काढावी लागली आणि प्रत्येक भागाचे आणखी चार भाग करावेसे वाटले, की सममूल्यता त्याची झाली. अंश-छेदाला चाराने गुणून १२/२० लिहिले पण आकृती जमली नाही, तर नियम आला आहे, समज यायची आहे. नोंदवहीत या दोन्हींची नोंद वेगळी हवी.

तिसरा आठवडा बेरजेचा. समच्छेद बेरीज एका तासिकेत होते. मंगळवारी भिन्नच्छेद. १/२ आणि १/३ एकापुढे एक ठेवायचे, पण त्याआधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा: बेरीज एकाहून कमी की जास्त? अर्ध्याहून कमी की जास्त? मग मोजायचे. बारा आणि आठ, वीस सेंमी. त्याच्याखाली षष्ठांशाचे पाच तुकडे बरोबर बसतात. ५/६. इथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारी मुले असतात. नियम सांगून ती चूक जात नाही. २/५ अर्ध्याहून कमी आहे, हे त्यांना पहिल्या आठवड्यातल्या तुलनेमुळे कळते. अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसे झाले, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो. तुलनेआधी बेरीज घेतली असती तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

बुधवारी १/३ आणि १/४ घ्यायचे, चौदा सेंमी, सात द्वादशांश. मग १/३ आणि १/८. आठ आणि तीन, अकरा सेंमी. मुले संचातला प्रत्येक तुकडा लावून पाहतात आणि एकही बरोबर बसत नाही. या क्षणासाठी तीन आठवडे तयारी केली आहे. कोणता तुकडा बसेल, हे मुलांनी ठरवायचे. एखादी जोडी एक सेंमीचा तुकडा कापते. तसे चोवीस लागतात, म्हणून उत्तर ११/२४. दोन्ही छेदांना चालेल असा तुकडा शोधणे म्हणजेच समच्छेद करणे, हे त्या कापण्यात आले. तिरक्या गुणाकाराची रीत गुरुवारपूर्वी सांगू नका. आधी सांगितली तर पट्टी खाली ठेवली जाते आणि पुन्हा उचलली जात नाही.

अंतिम काम गुरुवारी, चौदाव्या तासिकेला. शेवटच्या दिवशी मी ते कधीच ठेवत नाही, कारण मग जे कळले त्याचे काही करायला वेळ उरत नाही. कामाचे स्वरूप असे: एका मुलाने १/२ + १/४ = २/६ असे लिहिले आहे; त्याला आकृती काढून पत्र लिहा. यात अंदाज, सममूल्यता आणि बेरीज तिन्ही दिसतात, आणि पहिल्या दिवशीची अर्धी व पाव भाकरीही कामी येते. वाचताना मी तीन गोष्टी पाहते. २/६ हे अर्ध्याहून कमी असल्याचे लक्षात आणून दिले का? आकृतीत दोन्ही अखंड सारख्या लांबीचे आहेत का? पाव आणि अर्धा एकाच तुकड्याने मोजले का? लिहिता न येणाऱ्या मुलाने हेच पट्ट्या ठेवून सांगितले तरी चालेल; आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि प्रात्यक्षिक या साधनांना जागा आहे. २०१० पासून आपण वर्णनात्मक नोंदी लिहीत आहोत. तिथे ‘गणितात रुची घेतो’ असे लिहिण्याऐवजी ‘पट्टी वापरून भिन्नच्छेद बेरीज करते, पट्टीशिवाय समान छेद शोधताना अडते’ असे लिहिले, तर सहावीच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी काय हातात द्यायचे ते कळते.

शुक्रवारी पत्रे परत द्यायची. जोडीतल्या एकाचे दुसऱ्याने वाचायचे, आकृतीतले अखंड मोजायचे, दुरुस्ती वेगळ्या रंगाने करायची. ज्यांना २/६ ची चूक अजून दिसत नाही त्यांच्यासोबत त्या वेळात मी जमिनीवर बसते, संच आणि पहिल्या सोमवारचे कागद घेऊन. त्यांची नावे पुढच्या घटकाच्या पहिल्या ओळीत जातात. तो घटक दशांश अपूर्णांकांचा असेल तर पट्टी बदलावी लागेल, कारण चोवीसचे दहा समान भाग पूर्ण सेंटिमीटरात होत नाहीत. तिथे वीस सेंटिमीटरची पट्टी घ्यावी.